पहिल्या दिवशी विचारायचं कुणाला?

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास नवा माणूस कामावर रुजू होतो. ओळखपत्र, लॅपटॉप, पासवर्ड हे सोपस्कार उरकेपर्यंत अकरा वाजतात. मग तो स्लॅक किंवा टीम्स उघडतो, तर डाव्या बाजूला बारा-पंधरा चॅनेलांची रांग. टीमलीडने सकाळीच त्याला सगळीकडे घालून ठेवलेलं असतं. तेवढ्यात `#general` वर मेसेज येतो, की आपल्या टीममध्ये अमुक आले आहेत, त्यांचं स्वागत करूया, काहीही अडलं तर कुणालाही विचारा. खाली हात हलवणारे इमोजी जमा होतात. पाच मिनिटांत सगळे आपापल्या कामाला लागतात आणि नवा माणूस त्या पंधरा नावांकडे बघत बसतो.

कुणालाही विचारा, हे मनापासूनच म्हटलेलं असतं. पण कोण काय करतं हे त्याला ठाऊक असतं, तर त्याने विचारलंच असतं. ठाऊक नाही म्हणून विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून अर्ध्या तासाचं काम दोन दिवस खातं. सॉफ्टवेअरच्या टीममध्ये नव्या माणसांना रुळवण्याचं काम मी बरीच वर्षं जवळून पाहिलं आहे, आणि माझं ठाम मत असं आहे की वेलकम नोटचं खरं काम एकच: कोणता प्रश्न, कुणाला, कुठे विचारायचा हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. चॅनेलवर वागायचे नियमही त्यातूनच निघतात. वेगळी आचारसंहिता लिहावी लागत नाही.

मुद्दा नीट कळावा म्हणून एक टीम डोळ्यांसमोर आणू. पुण्यात खराडीला बसणारी, नऊ जणांची, हॉस्पिटलांना बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीतली. पेशंट दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतचं खोलीभाडं, औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी हे सगळं एका बिलात बिनचूक आणणं हे या टीमचं काम. कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत बॉस्टनला, आणि सर्व्हर सांभाळणारे दोघे तिथेच बसतात. या टीममध्ये एक नवी डेव्हलपर आली आहे.

तिच्यासाठी खरं तर दोन नोट लिहाव्या लागतात, आणि बहुतेक ठिकाणी पहिलीच लिहून काम संपवलं जातं. पहिली नोट टीमसाठी, नव्या व्यक्तीबद्दल. ती चार-पाच ओळींची असावी. ती कोणत्या कामावर आली आहे, यापूर्वी काय केलं आहे, पहिले दोन आठवडे तिच्याकडे काय असेल आणि काय नसेल, आणि तिच्या सोबतीला कोण आहे, एवढं पुरे. यातलं ‘काय नसेल’ हे हमखास राहून जातं. ‘पहिले दोन आठवडे ती फक्त खोलीभाड्याचे बग बघेल, ऑन-कॉलची पाळी तिला लावू नये’ असं लिहिलेलं असलं, की तिसऱ्याच दिवशी कुणी तिला रात्रीच्या रिलीजला बसवत नाही. तिला स्वतःहून ‘मला हे अजून येत नाही’ असं म्हणण्याची वेळही येत नाही, आणि पहिल्या आठवड्यात ते म्हणणं जड जातं.

ही नोट टाकण्याआधी तिला वाचून दाखवावी. हाक कशी मारायची, नावाचा उच्चार कसा, हे तिच्याकडूनच घ्यावं. आपल्याकडे आपुलकीपोटी बरंच काही लिहिलं जातं: नुकतंच लग्न झालंय, नवऱ्याची बदली पुण्याला झाली म्हणून आल्या, मूळच्या सांगलीच्या. हे सांगायचं की नाही, कधी आणि कुणाला, हे तिचं तिने ठरवावं. नोटमध्ये तिच्या कामाबद्दल लिहावं.

दुसरी नोट तिच्यासाठी. ही लांब असते. ती टीमच्या चॅनेलवर पिन करून ठेवायची, म्हणजे नंतरच्या मेसेजांच्या लोंढ्यात वाहून जात नाही. बहुतेक टीम इथे पदांची यादी देतात: अमुक सीनियर डेव्हलपर, तमुक बिझनेस ॲनालिस्ट, अमुक क्यूए लीड. नव्या माणसाला त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात पद नसतं, अडचण असते. म्हणून यादी अडचणीपासून सुरू करावी. आपल्या टीमच्या नोटमधला हा तुकडा बघा. प्रत्यक्षात इथे माणसांची नावं असतात, मी त्यांच्या जागी कामं लिहिली आहेत.

> बिलाचा नियम काय असावा, असा प्रश्न पडला तर बिझनेस ॲनालिस्ट. कोड आपण कुणीही बदलू, पण नियम त्याच ठरवतात. त्या रजेवर असतील तर प्रॉडक्ट मॅनेजर. दोघंही नसतील तर थांबायचं, आपापसात ठरवायचं नाही.
>
> लाइव्ह सर्व्हरवर काही बिघडलं किंवा बदलायचं असेल तर `@billing-oncall`. माणूस दर सोमवारी बदलतो, हँडल तेच राहतं.
>
> इन्शुरन्सचा क्लेम परत आला तर `#help-claims`. ते काम आपलं नाही. फक्त बिल नंबर द्यायचा आणि त्यांच्यावर सोपवायचं.
>
> लॅपटॉप, रजा, पगार यांसाठी पोर्टलवर तिकीट. टीमलीडला विचारून तुमचा आणि त्यांचा दोघांचाही वेळ जाईल.

या चार परिच्छेदांत काय काय आलं ते पाहा. पहिल्यात करणारा आणि ठरवणारा वेगळे दाखवले आहेत. नव्या माणसाची मोठी चूक इथेच होते. जो कोड लिहितो त्यालाच सगळं ठाऊक असणार असं समजून तो त्याला विचारतो, तोही भिडेखातर ‘कर असं’ म्हणून टाकतो, आणि महिन्याभराने ज्यांनी निर्णय घ्यायचा होता त्यांना ते कळतं. दुसरं, प्रत्येक नावाच्या मागे पर्यायी नाव आहे. दिवाळीच्या आठवड्यात पर्यायी नावच कामाला येतं. तिसरं, जिथे माणूस पाळीने बदलतो तिथे माणसाचं नाव नाहीच. `@billing-oncall` हे एक ग्रुप-हँडल आहे. त्याला हाक मारली की त्या आठवड्यात ज्याची पाळी आहे त्याच्यापर्यंत ती पोचते. स्लॅकच्या पैसे भरून घेतलेल्या योजनेत असे ग्रुप करता येतात, टीम्समध्ये टॅगने हेच साधतं. नाव लिहून ठेवलं असतं तर पुढच्याच सोमवारी नोट शिळी झाली असती. आणि शेवटची गोष्ट म्हणजे काय आपलं नाही, हेही सांगितलं आहे. त्याने नवा माणूस फार निर्धास्त होतो.

आता चॅनेलांकडे वळू. चॅनेलच्या नावाआधी `#` का लागतं याला जुना इतिहास आहे. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी 1988 मध्ये आयआरसी नावाची गप्पांची व्यवस्था तयार केली. तिच्यातल्या चॅनेलांची नावं `#` ने सुरू होत. पुढे स्ट्युअर्ट बटरफील्ड यांच्या कंपनीने ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ बनवला. तो चालला नाही आणि 2012 च्या अखेरीला बंद पडला. पण खेळ बनवताना आपसात बोलण्यासाठी त्यांनी आयआरसीच्या आधाराने जे साधन घरच्या घरी जुळवलं होतं, त्याचंच पुढे स्लॅक झालं आणि 2014 मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. बटरफील्ड यांनी सांगितलेला स्लॅकचा विस्तार ‘सर्चेबल लॉग ऑफ ऑल कॉन्व्हर्सेशन अँड नॉलेज’ असा आहे, म्हणजे झालेलं सगळं बोलणं आणि माहिती शोधता येईल अशी नोंदवही. चॅनेलवरचे बरेचसे रिवाज या ‘नोंदवही’पणातून आलेले आहेत.

बऱ्या टीमच्या चॅनेल-नावांत शिस्त असते. `#team-billing` म्हणजे टीमची घरची बैठक. `#help-` ने सुरू होणाऱ्या चॅनेलवर बाहेरच्यांनी येऊन विचारायचं. `#alerts-billing` वर माणसं बोलत नाहीत, सर्व्हर आपोआप इशारे टाकत असतो. `#ext-` ने सुरू होणाऱ्या चॅनेलवर ग्राहकाची माणसंही बसलेली असतात. हे शेवटचं नव्या माणसाला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगावं. ‘हे हॉस्पिटल दर वेळी हाच घोळ घालतं’ असं घरच्या चॅनेलवर वैतागून लिहिलेलं वाक्य चुकून `#ext-` वर पडलं, तर ते पुसेपर्यंत पलीकडे दहा जणांनी वाचलेलं असतं.

पंधरा चॅनेलांत घातलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: यातली बहुतेक आवाज बंद करून ठेवायची असतात. जुने सहकारी कधीचेच तसं करून बसलेले असतात. नवा माणूस मात्र प्रत्येक टिंगला दचकून बघतो, आणि दिवसाअखेरीस त्याला वाटतं की इथे सगळे किती वेगाने काम करतात, मलाच जमत नाही. नोटमध्ये स्पष्ट लिहावं: `#team-billing`, `#help-billing` आणि सोबत्याचे थेट मेसेज, एवढ्याचाच आवाज चालू ठेव. `#alerts-billing` पहिला महिना म्यूट कर. तिथला लाल इशारा बघायला ऑन-कॉल माणूस आहे. बाकीचं दिवसातून एकदा चाळलं तरी पुरे. त्यानंतर तिचा दुसरा दिवस बराच हलका जातो.

मग येतात वागण्याचे नियम. हे काही आजचे नाहीत. 1995 च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवरच्या शिष्टाचारांचा एक दस्तऐवज संकलित केला. `RFC 1855` हा त्याचा क्रमांक. सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, हे त्यात तेव्हाच नोंदलेलं आहे. चॅनेलवर आल्यावर प्रत्येकाला वेगळा नमस्कार करायची गरज नाही, सगळ्यांना मिळून एकदा केला की झालं, असंही त्यात आहे. काही लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचावं, असा सल्ला त्यात मेलिंग लिस्टबद्दल दिलेला आहे. नोकरीत मात्र हा सल्ला उलटा पडतो. महिनाभर गप्प बसलेल्या नव्या माणसाबद्दल लोकांची मतं तोवर बनून गेलेली असतात. म्हणून नोटमध्ये विचारण्याची मुदत घालून द्यावी: अर्धा तास स्वतः शोध, नाही सापडलं तर विचार. अर्धा तासच. त्याहून जास्त वेळ अडून राहिल्याबद्दल इथे कौतुक होत नाही, हेही लिहावं.

नमस्काराचा मुद्दा आपल्याकडे नाजूक आहे. समोर आलेल्या माणसाला आधी नमस्कार, मग ख्यालीखुशाली, मग काम, हा आपला रिवाज. समोरासमोर तो चांगलाच आहे. थेट मेसेजमध्ये मात्र ‘हाय सर’ एवढंच लिहून थांबलं, की पलीकडच्या माणसाचा फोन वाजतो, तो हातातलं काम सोडून बघतो, तर प्रश्नच नाही. तो ‘बोला’ लिहितो. तोवर इकडची व्यक्ती चहाला गेलेली असते. नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये लिहावा, म्हणजे नमस्कारही राहतो आणि पलीकडच्याला सवडीने उत्तर देता येतं. ‘सर’ लिहायचं का नावाने हाक मारायची, हेही नोटमध्ये असू द्यावं. लातूरहून किंवा चंद्रपूरहून पहिल्यांदाच अशा ऑफिसात आलेल्या मुलाला मॅनेजरला नुसत्या नावाने हाक मारणं अवघड जातं, आणि हे त्याला चारचौघांत विचारताही येत नाही.

भाषेचंही तसंच. टीममध्ये एक जण तमिळ आणि दोघं बॉस्टनचे असतील, तर `#team-billing` वर कामाचं बोलणं इंग्रजीत होतं. मराठीत सुरू झालेल्या चर्चेतून तो तमिळ सहकारी नकळत बाहेर पडतो आणि नंतर त्याला वेगळं समजावून सांगावं लागतं. थेट मेसेजमध्ये किंवा जेवणाच्या टेबलावर मराठी खुशाल चालू द्यावी. आणि जिथे सगळी टीम मराठीच आहे तिथे चॅनेलवरही ती का नसावी? फक्त काय ठरलं आहे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी कळावं.

आता `@here` आणि `@channel`. स्लॅकमध्ये `@here` लिहिलं की चॅनेलवर त्या वेळी जे हजर दिसत आहेत त्यांनाच सूचना जाते. `@channel` लिहिलं की हजर-गैरहजर सगळ्यांना. पुण्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात तेव्हा बॉस्टनला उन्हाळ्यात रात्रीचा एक, हिवाळ्यात रात्रीचे बारा वाजलेले असतात. तिथे ज्याने रात्रीसाठी फोन गप्प करून ठेवलेला नाही, तो दचकून उठणार. म्हणून आपल्या टीमचा नियम सोपा आहे: सर्व्हर बंद पडला असेल तरच `@channel`, आणि तेही ऑन-कॉल माणसानेच लिहायचं. बाकी कुणासाठी थांबलेलं काम असेल तर मेसेज वेळ लावून पाठवायची सोय आहेच. त्याचं ऑफिस उघडण्याच्या वेळेला तो जाईल असा लावून ठेवावा.

हे सगळं एकत्र कसं वागवायचं ते एका प्रसंगातून पाहू. तिसऱ्या दिवशी आपल्या नव्या डेव्हलपरकडे एक तक्रार येते. नाशिकच्या एका हॉस्पिटलचं म्हणणं, की बिलात खोलीभाडं तीन दिवसांचं लागलंय, दोनच दिवसांचं हवं होतं. ती कोड उघडते. कोड तारखा मोजतोय. पेशंट 3 तारखेला संध्याकाळी सहाला दाखल झाला, 5 तारखेला सकाळी अकराला घरी गेला. तारखा तीन होतात. तास मोजले तर एक्केचाळीस, म्हणजे चोवीस तासांचा एक दिवस धरला तर भाडं दोन दिवसांचंच. तिला वाटतं, बग सापडला.

इथून दोन वाटा फुटतात. नोट नसती तर तिने शेजारच्या सीनियरला ‘हाय सर’ पाठवलं असतं, उत्तर आलं नसतं, मग ‘एवढं तर मीच करते’ म्हणत तारखांच्या जागी तास मोजायचा कोड लिहिला असता. तो रिलीज झाला असता, आणि जी हॉस्पिटलं मुद्दाम तारखेप्रमाणे भाडं लावतात त्या सगळ्यांची बिलं चुकली असती. नोट वाचलेली असल्यामुळे ती `#help-billing` वर, बिझनेस ॲनालिस्टना टॅग करून, हे लिहिते:

> नमस्कार. नाशिकच्या हॉस्पिटलची तक्रार आहे. बिल नंबर 20417 मध्ये खोलीभाडं 3 दिवसांचं लागलंय, त्यांच्या मते 2 हवं. दाखल 3 तारखेला सं. 6 वाजता, डिस्चार्ज 5 तारखेला स. 11 वाजता. `room_charge` चा कोड तारखा मोजतो, तास मोजत नाही. हे मुद्दाम तसं आहे की बग? हॉस्पिटलला आज पाचपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तोवर मी काही बदलत नाही.

हा मेसेज मला आवडतो, कारण वाचणाऱ्याला एकही उलटा प्रश्न विचारावा लागत नाही. काय झालं, काय व्हायला हवं होतं, तिने काय तपासलं, नेमका प्रश्न काय, उत्तर कधीपर्यंत हवं, सगळं आलं. शेवटचं वाक्य तर फार मोलाचं. बिझनेस ॲनालिस्ट मीटिंगमध्ये असल्या तरी निश्चिंत राहू शकतात, कारण इकडे कुणी घाईने काही करत नाही. पेशंटचं नाव कुठेही नाही, फक्त बिल नंबर आहे. स्क्रीनशॉट टाकला असता तर त्यात नाव, वय, फोन, आजार सगळंच आलं असतं, आणि ते पुढे कायम चॅनेलवर राहिलं असतं. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर अशा निष्काळजीपणाचा भार कंपनीवर येऊ शकतो. कायदा नसता तरी कुणाचा आजार पंधरा जणांना दिसावा असं काही कारण नव्हतं.

उत्तर थ्रेडमध्ये येतं. भाडं तारखेने लावायचं की चोवीस तासांच्या हिशेबाने, ही प्रत्येक हॉस्पिटलसाठी वेगळी सेटिंग आहे. नाशिकच्यांनी आपलं धोरण बदललं, पण सेटिंग जुनीच राहिली. कोडला हात लावायचाच नाही, सपोर्टने सेटिंग बदलायची आणि बिल पुन्हा काढायचं. सपोर्टवाले त्याच थ्रेडमध्ये ‘मी बघतो’ म्हणून डोळ्यांचा इमोजी टाकतात, काम झालं की हिरवी खूण. हे दोन इमोजी आपल्या टीमचे ठरलेले आहेत, आणि म्हणून नोटमध्येही आहेत. नव्या माणसाला डोळ्यांचा अर्थ ‘मी यावर काम घेतलं’ असा आहे हे सांगितलं नाही, तर तो तेच काम हाती घेऊन बसतो.

थ्रेड सोडून प्रत्येकाने खाली नवा मेसेज लिहिला असता, तर मध्ये दुसऱ्या दोन विषयांचं बोलणं मिसळलं असतं आणि महिन्याभराने शोधणाऱ्याला प्रश्न मिळाला असता, उत्तर नाही. काम संपल्यावर तिने थ्रेडमध्ये दोन ओळींत निष्कर्ष लिहायचा, हीही पद्धत आहे. इथे एक आपल्याकडची खास अडचण. कुणी ‘खोलीभाडं’ लिहितं, कुणी रोमन लिपीत kholibhada, कुणी ‘रूम रेंट’. सर्चमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जे नाव आहे, इथे `room_charge`, ते मेसेजमध्ये एकदा तरी यावं. तिने ते लिहिलंच होतं. हाच प्रश्न तिने थेट मेसेजमध्ये विचारला असता तर उत्तर दोघींतच राहिलं असतं आणि पुढच्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून विचारलं असतं. म्हणून कामाचा प्रश्न चॅनेलवर विचारायचा. स्वतःच्या तब्येतीचं, पगाराचं किंवा कुणाबद्दलच्या तक्रारीचं बोलणं मात्र थेट आणि खासगीत.

नव्या व्यक्तीला चॅनेलवर घेण्याआधी जुन्यांनी एक काम करायचं असतं, आणि ते फारच कमी ठिकाणी होतं. स्लॅकच्या खासगी चॅनेलवर कुणाला घेतलं की त्याला तिथलं मागचं सगळं बोलणं दिसतं. टीमने त्याच चॅनेलवर मुलाखतींबद्दल चर्चा केलेली असेल, तर नवी डेव्हलपर वर सरकत जाते आणि स्वतःबद्दलचं मत वाचते: कामाची ठीक आहे, पण दुसरा उमेदवार जास्त बरा होता. त्या माणसांबरोबर तिला उद्यापासून बसायचं असतं. मुलाखतींची चर्चा, कुणाच्या पगाराची, राजीनाम्याची चर्चा यासाठी वेगळं चॅनेल असावं आणि ते काम झालं की बंद करावं. टीम्सच्या ग्रुप चॅटमध्ये कुणाला जोडताना मागचं काहीच दाखवायचं नाही, काही दिवसांचं दाखवायचं की सगळं, हे विचारलं जातं. घाईत ‘सगळं’ निवडू नये.

लहान ऑफिसं, दवाखाने, बांधकामाच्या साइट, सीएंची कार्यालयं यांत स्लॅक नसतं, व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो. तिथे दोन गोष्टी उलट्या होतात. ग्रुपमध्ये घेतल्यावर जुने मेसेज नव्या माणसाला आपोआप दिसत नाहीत, म्हणून वेलकम नोट त्याला वेगळी पाठवावी लागते. तिचा गाभा ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये ठेवावा, कारण तिथे तो टिकतो. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त 30 दिवस राहतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ग्रुपमध्ये घेतलं की नव्या व्यक्तीचा फोन नंबर सगळ्यांना मिळतो, त्यात बाहेरचे कंत्राटदार आणि पुरवठादारही असू शकतात. नव्या मुलीला आधी विचारल्याशिवाय अशा ग्रुपमध्ये घेऊ नये. शक्य असेल तर कामाचा वेगळा नंबर द्यावा. आणि रात्री नऊनंतर आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तरी चालतं, हे मालकाने स्वतः लिहावं. दुसऱ्या कुणी लिहिलं तर त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

राहिली नोट ताजी ठेवण्याची गोष्ट. सहा महिन्यांपूर्वीची नोट उघडून पाहिली तर हमखास त्यात नोकरी सोडून गेलेल्या एखाद्याचं नाव सापडतं, एखादं चॅनेल बंद झालेलं असतं. टीमलीडवर हे काम टाकलं तर ते होत नाही, कारण त्यांना नोट वाचायची गरजच पडत नाही. जी व्यक्ती सर्वांत शेवटी रुजू झाली तिच्याकडे हे काम द्यावं. पहिल्या महिन्यात जिथे जिथे ती अडली, जिथे नोटमध्ये एक लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात दुसरंच निघालं, ते तिने बाजूला टिपून ठेवायचं आणि महिना भरला की सोबत्याबरोबर अर्धा तास बसून नोट दुरुस्त करायची. आपल्या डेव्हलपरच्या यादीत पहिली ओळ असेल: खोलीभाडं तारखेने की तासाने ही हॉस्पिटलची सेटिंग आहे, कोड बदलण्याआधी ती बघा. दुसरी बहुधा यापेक्षा साधी असेल, म्हणजे बिझनेस ॲनालिस्ट बुधवारी घरून काम करतात आणि दुपारी दोननंतरच चॅनेल बघतात, असली काहीतरी. पुढच्या माणसाला या दोन्ही ओळी रुजू होण्याच्या दिवशीच मिळतील.